शॉवरमधला मेणाचा पहारेकरी

आजी शॉवरखाली असते, तेवढ्यात कुणीतरी दुसरा नळ सोडतं. थंड पाण्याचा दाब घटतो आणि गिझरचं कढत पाणी थेट अंगावर येतं. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसालाही साधारण ५ सेकंदांत भाजतं; मुलांची आणि वृद्धांची पातळ त्वचा त्याआधीच पोळते.

थर्मोस्टॅटिक मिक्सरमध्ये मेणाची छोटी कुपी असते. पाणी जास्त तापलं की मेण फुगतं, दट्ट्या ढकलतं आणि गरम पाण्याची वाट अरुंद होते. बहुतेक मिक्सरमध्ये बटण दाबल्याशिवाय मूठ ३८ अंशांपुढे फिरत नाही.

जड पाण्याचा क्षार साचला की दट्ट्या अडकतो. म्हणून अधूनमधून शॉवर चालू ठेवून, बाजूला उभं राहून थंड पाण्याचा कॉक बंद करा. धार काही क्षणांत जवळजवळ थांबायला हवी. कढत पाणी येतच राहिलं, तर कार्ट्रिज साफ करून किंवा बदलून घेईपर्यंत तो शॉवर वापरू नका.