बाणावर लिहिलेलं वजन

बीएस्सीच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगवहीत ॲसिटॅनिलाइडचं ब्रोमिनेशन ठरलेलंच असतं. ॲसिटॅनिलाइडच्या रेणूवर ब्रोमिनचा एक अणू बसवायचा आणि पॅरा-ब्रोमोॲसिटॅनिलाइडचे पांढरे स्फटिक काढायचे. जुनी रीत सरळ आहे. ॲसिटॅनिलाइड ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळवायचं आणि त्यात ब्रोमिन थेंबथेंब सोडायचं. हे लालतपकिरी, धुरकट द्रव कातडी जाळतं आणि त्याची वाफ घशाला झोंबते. म्हणून हरित रसायनाच्या प्रयोगांत दुसरी रीत आली. तिच्यात पोटॅशियम ब्रोमाइड हे साधं मीठ आणि सेरिक अमोनियम नायट्रेट ही नारिंगी पूड पाण्यात विरघळवून अल्कोहोलमधल्या ॲसिटॅनिलाइडमध्ये घालतात. काम खोलीच्या तापमानालाच होतं आणि ब्रोमिनच्या बाटलीला हात लावावा लागत नाही.

‘दोन्ही मार्गांची तुलना करा’ असा गृहपाठ मिळाला की बहुतेकांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं: दुसरा मार्ग हरित. आता आकडे काय म्हणतात ते पाहू.

पहिलं माप ॲटम इकॉनॉमीचं. बॅरी ट्रॉस्ट यांनी ते १९९१ मध्ये मांडलं. अभिक्रियेत जेवढे अणू घातले, त्यांपैकी वजनाने किती टक्के हव्या त्या पदार्थात उतरले, एवढंच ते विचारतं. जुन्या रीतीत ॲसिटॅनिलाइडचा रेणुभार १३५ आणि ब्रोमिनचा १६०, म्हणजे एकूण २९५. उत्पादनाचा रेणुभार २१४. म्हणजे सुमारे ७३ टक्के. ब्रोमिनच्या दोन अणूंपैकी एकच कामी येतो, दुसरा हायड्रोजन ब्रोमाइड होऊन निघून जातो.

नव्या रीतीत मुलं १३५ मध्ये पोटॅशियम ब्रोमाइडचे ११९ मिळवतात आणि २१४ ला २५४ ने भागतात. उत्तर येतं ८४ टक्के. निकाल मनासारखा, पण चुकलेला! सेरिक अमोनियम नायट्रेट पुस्तकात बाणावर लिहिलेलं असतं, म्हणून ते हिशेबातून सुटतं. प्रत्यक्षात ते उत्प्रेरक नव्हे, ते खर्च होतं. ब्रोमाइडला रेणूवर बसण्याजोगं करायचं तर त्याच्याकडून दोन इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात आणि सेरियमचा एक अणू एकच इलेक्ट्रॉन घेतो. म्हणून या पुडीचे दोन रेणू लागतात, प्रत्येकी ५४८ भाराचे. छेद होतो सुमारे १३५१ आणि ॲटम इकॉनॉमी येते १६ टक्के. एका इलेक्ट्रॉनसाठी एवढा बोजा वाहणारं ऑक्सिडीकारक विरळाच. समीकरण दोन्ही बाजूंनी जुळवून पाहिलं की ही चूक लगेच उघडी पडते.

दुसरं माप ई-फॅक्टर. रॉजर शेल्डन यांचं हे माप थेट तराजूवर उभं आहे: एक किलो मालामागे किती किलो कचरा? जुन्या रीतीत साडेतेरा ग्रॅम ॲसिटॅनिलाइड आणि १७ ग्रॅम ब्रोमिन घेऊन १८ ग्रॅम स्फटिक मिळाले, तर उरलेल्या साडेबारा ग्रॅमचा ई-फॅक्टर ०.७. नव्या रीतीत एक ग्रॅम ॲसिटॅनिलाइड, एक ग्रॅम ब्रोमाइड आणि सहा ग्रॅम सेरियमचं मीठ घेऊन समजा एक ग्रॅम माल मिळाला, तर ई-फॅक्टर ७. दहापट! द्रावक धरले तर दोन्ही आकडे फुगतात. ७० मिलिलिटर ॲसेटिक ॲसिडने पहिला पाचाच्या जवळ जातो, १५ मिलिलिटर अल्कोहोलने दुसरा १९ च्या. पाणी सहसा धरत नाहीत. द्रावक धरला की नाही हे न लिहिता दिलेला ई-फॅक्टर मात्र निरुपयोगी.

इथे आणखी एक फसगत होते. स्फटिक नीट न वाळवता तोलले की पाण्याचं वजन मालात जमा होतं आणि ई-फॅक्टर फुकट सुधारतो. सहा ग्रॅम सेरियम मीठ हिशेबाने जेमतेम १.२ ग्रॅम माल देऊ शकतं. वहीत दीड ग्रॅम दिसला तर स्फटिक पुन्हा वाळवून तोलावेत आणि वितळणबिंदू १६७ अंशांच्या आसपास येतो का ते पाहावं.

मग नवी रीत हरलीच का? दोन्ही मापांवर, होय. पण ही मापं फक्त वजन मोजतात. एक ग्रॅम ब्रोमिन आणि एक ग्रॅम मीठ त्यांच्या लेखी सारखेच. ही उणीव शेल्डन यांनाही ठाऊक होती. म्हणून त्यांनी ई-फॅक्टरला कचऱ्याच्या घातकतेचा गुणक लावायला सुचवलं. अडचण एवढीच की तो गुणक किती धरायचा यावर एकमत होणं कठीण. वीस मुलांच्या वर्गात, धड न चालणाऱ्या फ्यूम हूडसमोर, मी सेरियमचीच रीत निवडेन. पण तिला ‘सुरक्षित’ म्हणेन, ‘कमी कचऱ्याची’ म्हणणार नाही.

गृहपाठात तिसरा मार्ग सुचवायचा असेल तर हायड्रोब्रोमिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा हिशेब करून पाहा. त्यात जोडउत्पादन म्हणून फक्त पाणी निघतं आणि ॲटम इकॉनॉमी सुमारे ८६ टक्के येते, तीही बाणावर काही न लपवता.