धक्क्यापुढे पोलाद ताठ का राहते?

माइल्ड स्टीलची सळी चाचणी यंत्रात सावकाश ओढली, की साधारण २५० मेगापास्कल ताणाला ती नमते, म्हणजे ओढ काढून घेतली तरी वाढलेली लांबी पूर्ण परत जात नाही. तीच सळी झटक्याने ओढली, तर ती नमण्यासाठी दुप्पट ताणही लागू शकतो. धातू तोच असतो. कमी पडतो तो वेळ.

पोलाद नमते तेव्हा स्फटिकातले अणूंचे थर अखंड घसरत नाहीत. अणूंच्या रचनेत मुळातच रेषेसारखे दोष असतात, त्यांना डिसलोकेशन म्हणतात. जड सतरंजी न ओढता तिची सुरकुती पुढे सरकवत न्यावी, तसे हे दोष सरकतात आणि सळी लांबते. मात्र लोखंडाच्या स्फटिकात प्रत्येक पावलावर ऊर्जेचा एक उंबरठा असतो. शिवाय कार्बन आणि नायट्रोजनचे अणू या दोषांना जागीच जखडून ठेवतात.

उंबरठा ओलांडायला बाहेरचा ताण उपयोगी पडतो आणि अणूंची उष्णतेमुळे होणारी थरथरही. ही थरथर अनियमित असते. बहुतेक वेळा ती अपुरी ठरते, क्वचित एखादा जोरदार हेलकावा दोषाला पलीकडे नेतो. वेळ भरपूर असेल, तर असा हेलकावा येतोच आणि कमी ताणात काम भागते. झटक्यात मात्र त्याची वाट पाहायला सवड नसते. उष्णतेचा वाटाही ताणालाच उचलावा लागतो.

समजा, सळीचा ५० मिलिमीटर भाग ताणायचा आहे. सेकंदाला ०.०५ मिलिमीटर गतीने ओढल्यास २५० मेगापास्कलपर्यंत पोचायला सव्वा सेकंद लागतो. सव्वा मीटरवरून पडणारे वजन सेकंदाला सुमारे ५ मीटर गतीने आदळते. त्या गतीने ओढल्यास तेवढ्याच ताणाला सेकंदाच्या एक लक्षांश भागाहून थोडाच अधिक वेळ मिळतो. माइल्ड स्टीलसाठी रूढ असलेले काउपर-सायमंड्स सूत्र या वेगाला नमण्याचा ताण सुमारे ५५० मेगापास्कल देते. इतक्या थोड्या वेळात ताणाची लाट सळीभर जेमतेम पोचते, म्हणून अशा मोजणीसाठी आखूड नमुने आणि हॉपकिन्सन बार नावाचे उपकरण वापरतात.

प्रत्येक धातूत ही वाढ एवढी नसते. ॲल्युमिनिअमच्या स्फटिकात तो उंबरठा फार लहान असतो, त्यामुळे वेगाचा परिणामही थोडा. उच्च-ताकदीच्या पोलादात बरेचसे अडथळे इतके मोठे असतात की, उष्णतेची मदत तिथे मुळातच नगण्य असते. म्हणून तिथेही प्रमाणात वाढ कमी दिसते.

थंडीचा परिणाम वेगासारखाच होतो, कारण तिथेही थरथर मंदावते. धोका इथेच आहे. नमण्याचा ताण वाढतो, पण पोलाद ठिसूळपणे फाटण्याचा ताण जवळपास तेवढाच राहतो. खाच किंवा तडा असलेला भाग थंडीत जोराने आदळला, तर तो नमण्याआधीच तुटू शकतो. त्यामुळे वाढलेला आकडा हाती आला म्हणून सांगाड्याची जाडी कमी करणे चुकीचे आहे. त्याआधी खाच दिलेल्या नमुन्याची शार्पी आघात चाचणी प्रत्यक्ष वापरातल्या किमान तापमानाला घेतली पाहिजे.