उचल, खाडे आणि अडकलेला पगार

हॉटेलात पगार कधी बंद होत नाही, तो लांबत जातो. सात तारखेचा पंधरा तारखेला होतो, मग पुढच्या महिन्यात, आणि मग मालक म्हणतो, "किती लागतात आत्ता? पाच हजार घे, बाकी हिशेबात धरू." या "हिशेबात धरू"मध्ये किती आचारी अडकलेले असतात, हे कुठल्याही मोठ्या शहरातल्या कामगार कार्यालयाच्या बाकावर अर्धा दिवस बसलं की कळतं.

इथे ज्याची गोष्ट सांगायची आहे त्याला अंकुश म्हणू. तो कल्पनेतला आहे. त्याचा मालक आणि त्याचं हॉटेलही. कायदा आणि त्याच्या पगाराचं गणित मात्र खरं. अंकुश मूळचा औसा तालुक्यातला. पुण्यात वाकडला एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये मुख्य आचारी. ग्रेव्ही, बिर्याणी आणि सकाळचं मार्केटिंग, म्हणजे भाजी-चिकनची खरेदी, त्याच्याकडे. बोली पगार महिना २६,००० रुपये, आठवड्याला एक सुट्टी. नेमणुकीचं पत्र नाही, पगाराची पावती नाही. पैसे रोख, आणि अडीनडीला शेठच्या मोबाइलवरून.

डिसेंबरचा पगार जानेवारीत झाला नाही. लग्नसराईत केटरिंगचे पैसे अडकलेत, असं शेठनं सांगितलं. जानेवारीत पाच हजार उचल मिळाली, फेब्रुवारीत आठ, मार्चमध्ये आधी तीन आणि मग सहा. मधे चुलत्याच्या दहाव्यासाठी तो चार दिवस गावी जाऊन आला. मार्च संपला तेव्हा त्याला एवढंच माहीत होतं की शेठकडे "बरेच" पैसे आहेत. एप्रिलच्या आठ तारखेला त्यानं सगळे पैसे एकरकमी मागितले. शेठ म्हणाला, "मग उद्यापासून येऊ नकोस."

अंकुश आधी पोलीस चौकीत गेला. तिथल्या हवालदारानं त्याला कामगार कार्यालयाचा रस्ता दाखवला, आणि ते बरोबरच होतं, कारण थकलेल्या पगाराची वसुली हे पोलिसांचं काम नाही. पण कार्यालयात जाण्याआधी तो भोसरीला बहिणीकडे गेला. दाजी एका कारखान्यात युनियनच्या कमिटीवर होते.

"दाजी, शेठनं पैसे बुडवले नाहीत हो. नुसता उशीर करायलाय," अंकुश म्हणाला.

"उशीर करणं हाच गुन्हा आहे रे. वही काढ," दाजी म्हणाले.

वेतन संहिता, २०१९ हा कायदा संसदेत मंजूर होऊन बरीच वर्षं पडून होता. तो २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. महिन्याच्या पगारावर काम करणाऱ्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत झाला पाहिजे, असं त्यात लिहिलंय. माणूस स्वतः सोडून गेला किंवा त्याला काढलं, तर त्याचा सगळा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा. सात तारखेचा नियम तसा जुनाच, १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातही तो होता. पण त्या कायद्याला शेवटी शेवटी महिना २४,००० रुपयांची मर्यादा होती. अंकुशचा पगार २६,००० असल्यानं जुन्या कायद्याखाली त्याला तो मार्गच मिळाला नसता. त्याला कामगार न्यायालयाची लांबची वाट धरावी लागली असती. आता ती मर्यादा गेली. हेल्परपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना वेळेवर पगाराचा हा नियम लागू आहे, आणि हॉटेलात पाच माणसं आहेत की पन्नास, यानंही फरक पडत नाही.

मग वहीत हिशेब मांडला. चार महिन्यांचे १,०४,०००. त्यातून मिळालेली उचल वजा: पाच, आठ, तीन आणि सहा, एकूण २२,०००. खरं म्हणजे ही उचल नव्हतीच. डिसेंबरचा पगार सात जानेवारीला द्यायचा राहिला, त्यानंतर हातात आलेले पाच हजार हे त्याच्याच कमाईचे तुकडे होते. मालक मात्र ते उपकार केल्यासारखे देतो, आणि घेणाराही मान खाली घालून घेतो. राहिले ८२,०००. चार खाडे होते. कामाचे दिवस २६ धरले तर रोज हजार रुपये पडतात, म्हणून ४,००० कमी. बाकी ७८,०००. स्वतःचे खाडे स्वतःच्या हातानं वजा करायला दाजींनी लावले. अर्जात फुगवलेला एक आकडा सापडला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही संशय येतो, हे त्यांना कमिटीवर राहून कळलेलं होतं.

कागद काय आहे? अंकुश म्हणाला, काहीच नाही. दाजींनी त्याचा मोबाइल मागितला. त्यात शेठच्या खात्यावरून आलेल्या उचलीचे चार मेसेज होते. स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मॅनेजरनं टाकलेली ड्युटी होती, पहाटेच्या मार्केटिंगच्या याद्या होत्या. सगळ्यात भक्कम कागद मात्र अंकुशला आठवतही नव्हता. हॉटेलला खाद्य परवाना असतो, आणि त्याच्या अटींप्रमाणे अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. त्या दाखल्याच्या ठरावीक नमुन्यात हा माणूस अमुक आस्थापनेत नोकरीला आहे असं लिहून खाली डॉक्टर सही करतो. तपासणीच्या दिवशी अंकुशनं त्या दाखल्याचा फोटो काढून ठेवला होता, तोही बहिणीला दाखवायला. ज्या शेठनं कधी नेमणूकपत्र दिलं नाही, त्याच्याच परवान्यापायी अंकुशच्या नोकरीचा पुरावा तयार झाला होता.

एवढं पुरे होतं, कारण पुढचं ओझं मालकावर आहे. पगार मिळाला नाही असा दावा दाखल झाला की तो दिल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी नव्या संहितेनं मालकावर टाकली आहे. पगाराचं रजिस्टर ठेवणं आणि पगाराची पावती देणं हे त्याचंच काम. "मी रोख दिले होते" एवढं नुसतं तोंडी सांगून भागत नाही.

दाजींनी पहिलं पत्र शेठलाच लिहायला लावलं. साध्या मराठीत, एका पानात: कधीपासून कामाला, पगार किती, कोणते महिने थकले, किती मिळाले, बाकी किती. स्पीड पोस्टनं, पोच घेऊन. अशा पत्रानं पैसे क्वचितच मिळतात, पण समोरचा काय काय बोलणार आहे ते आधी कळतं. तसंच झालं. मॅनेजरचा फोन आला, "ये, चाळीस हजार घेऊन जा, एका कागदावर सही कर."

शेठच्या हिशेबात ७८,००० तून आणखी तीन वजाबाक्या होत्या. जळालेल्या मिक्सरचे ९,०००. नोटीस न देता काम सोडलं म्हणून एक पगार, २६,०००. आणि चार महिन्यांच्या जेवणाचे ३,०००, ज्याचं बोलणं कधी झालंच नव्हतं. पगारातून काय कापता येतं याची संहितेत यादी आहे आणि त्याबाहेर काही कापता येत नाही. नोटिशीचा पगार त्या यादीत नाही. शिवाय इथे तर माणसाला काढलेलं होतं. नुकसानीची भरपाई यादीत आहे, पण वस्तू त्या माणसाच्या ताब्यात दिलेली असली पाहिजे, नुकसान त्याच्या हलगर्जीपणामुळे झालेलं असलं पाहिजे, आणि कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडायला मिळाली पाहिजे. चार स्वयंपाकी वापरतात त्या मिक्सरचं बिल एकाच्या नावावर टाकता येत नाही. कापायचं खरोखर कारण असलं तरी एका पगारातून अर्ध्याहून जास्त रक्कम जाऊ शकत नाही.

राहिला तो सहीचा कागद. त्यावर "माझी कोणतीही येणे बाकी नाही" असं टाइप केलेलं होतं. या संहितेनं मिळणाऱ्या रकमेवरचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल ठरतो, हे खरं. पण कागदावर खोटी रक्कम मिळाल्याची सही असली तर ती खोडून काढण्यात महिने जातात. अंकुशनं सही केली नाही.

कामगार कार्यालयात त्याची एक चूक होता होता राहिली. तो तक्रार लिहून देणार होता. तक्रारीवर निरीक्षक हॉटेलात जाऊन रजिस्टर तपासतो, मालकाला सुधारायला सांगतो, फार तर पुढे दंड होतो. हा दंड सरकारजमा होतो, आचाऱ्याला त्यातला रुपया मिळत नाही. पैसे हवे असतील तर दावा दाखल करावा लागतो. दाव्यांचा निकाल देण्यासाठी राजपत्रित दर्जाचा अधिकारी असतो, आणि त्यानं तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा सांगतो. दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. आधी ती वर्षाचीच होती. वकिलाची ऐपत नसलेल्या कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळू शकतो.

पहिल्या तारखेला शेठ आलाच नाही. दुसऱ्या तारखेला वकील घेऊन आला आणि नवीनच मुद्दा काढला: हॉटेल आता दुसऱ्याला चालवायला दिलंय, पगाराचं त्याला विचारा. हॉटेल धंद्यातली ही नेहमीची पळवाट. संहितेनं ती बऱ्यापैकी बुजवली आहे. ज्यानं कामाला ठेवलं त्यानं पैसे दिले नाहीत, तर आस्थापनेच्या मूळ मालकावर जबाबदारी येते. अधिकाऱ्यानं परवाना कोणाच्या नावावर आहे एवढंच विचारलं. परवाना शेठच्याच नावावर होता.

मग तडजोडीची भाषा सुरू झाली, आणि त्याला कारण भरपाईचा आकडा. जुन्या कायद्यात पगार उशिरा देण्याची भरपाई १,५०० ते ३,००० रुपये एवढीच होती. ज्याला महिनोन्महिने दुसऱ्याचे पैसे बिनव्याजी वापरायला मिळतात, त्याला तीन हजार म्हणजे काहीच नाही. आता अधिकारी मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई लावू शकतो. दहापट हाती पडेल अशी आशा कोणी धरू नये, कारण ती कमाल मर्यादा आहे आणि किती द्यायची ते अधिकारी ठरवतो. पण ७८,००० ची दहापट किती, हे शेठच्या वकिलानं त्याला बाहेर व्हरांड्यात नक्कीच सांगितलं असणार.

ठरलं ते असं: ७८,००० आणि वर १०,००० भरपाई, दोन हप्त्यांत, अधिकाऱ्यासमोर नोंदवून. पहिला हप्ता वेळेवर आला. दुसरा थकला. तेव्हा अंकुशनं शेठला फोन केला नाही. तो थेट कार्यालयात गेला आणि वसुली दाखल्यासाठी अर्ज दिला. आदेशाची रक्कम भरली नाही तर असा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. त्यात वेळ जातो, आणि मालकाच्या नावावर काही मालमत्ताच नसेल तर दाखला फायलीत पडून राहतो. इथे शेठच्या नावावर फ्लॅट होता. पैसे आले.

एक रक्कम मात्र अंकुशला मिळाली नाही. शनिवार-रविवारी तो सकाळी दहाला भट्टी पेटवून रात्री बारानंतर किचन धुऊन निघायचा. ठरलेल्या तासांवरच्या कामाला दुप्पट दर मिळतो, हे त्याला दावा दाखल झाल्यावर कळलं. अर्जात त्यानं फक्त पगार मागितला होता आणि तडजोडही तेवढ्यावरच झाली. त्याच हॉटेलातला तंदूरवाला आणि दोन हेल्पर आता पगारासाठी उभे आहेत. अनेकांना मिळून एकच अर्ज करता येतो, तसा त्यांनी केलाय, आणि ओव्हरटाइमचे तास त्यांनी ड्युटीच्या मेसेजवरून तारीखवार काढून सोबत जोडलेत.