पेयाची गटचर्चा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नवे पेय बाजारात आणू पाहणारा कारखानदार आठ माणसांना एका टेबलाभोवती बसवतो, त्यांना पेय चाखायला देतो, आणि त्यांपैकी सहांनी मान डोलावली म्हणजे शेकडा पंचाहत्तर गिऱ्हाईक आपले झाले असे समजून उत्पादनाचा हुकूम सोडतो. फोकस ग्रुपविषयीचा सर्वांत रूढ आणि सर्वांत महाग पडणारा गैरसमज हाच होय. लोक पेयाविषयी कोणत्या शब्दांत बोलतात, त्याची सांगड कोणत्या प्रसंगाशी घालतात, आणि एकाचे मत ऐकून दुसऱ्याचे कसे बदलते, हे गटात दिसते. किती जण ते विकत घेतील हे दिसत नाही. त्यासाठी मोठी पाहणी निराळी करावी लागते.

याच्या उलट गैरसमजही तितकाच मुरलेला आहे. गटात तावातावाने बोलून इतरांना आपल्या बाजूस ओढणारा मनुष्य म्हणजे निव्वळ व्यत्यय, तेव्हा त्याचे म्हणणे अहवालातून गाळावे, असे पुष्कळांना वाटते. अमेरिकेतील कोका-कोला कंपनीने एप्रिल १९८५ मध्ये आपल्या पेयाची चव बदलली, त्यापूर्वी जवळजवळ दोन लाख चाचण्या घेतल्या होत्या, आणि बहुमत नव्या, अधिक गोड चवीच्या बाजूचे होते. गटचर्चांत मात्र जुनी चव जाणार ही कल्पना पुढे येताच शेकडा दहा-बारा लोक संतापत, आणि त्यांचा संताप पाहून शेजारी बसलेल्यांचेही मन फिरे. कंपनीने आकड्यांना अधिक वजन दिले. पुढे देशभर तेच घडले, आणि जुलैमध्ये जुने पेय पुन्हा विक्रीस आणण्याची घोषणा करावी लागली. संतापलेले लोक थोडे होते हे खरे. परंतु त्यांचा संताप इतरांत पसरणारा होता, आणि जिथे प्रत्येक जण एकट्याने घोट घेऊन मत नोंदवतो त्या चाचणीत तो पसरताना दिसणे शक्यच नव्हते.

म्हणून बोलक्या माणसाचे तोंड बंद करावे की त्याला मोकळे सोडावे, हा प्रश्नच अपुरा आहे. इतरांची मते त्याच्या आवाजाखाली येण्यापूर्वी कागदावर घ्यावीत आणि मगच त्याला बोलू द्यावे, ही खरी तजवीज. समजा, मुंबईत बाटलीबंद कोकम सोड्यावर गट घ्यायचा आहे. माणसे ओळखीपाळखीतून गोळा केली तर ती यजमानाचे मन राखतात. म्हणून निवडीच्या प्रश्नावलीत ‘तुम्हाला कोकम आवडते का?’ असा उत्तर सुचवणारा प्रश्न न घालता ‘गेल्या आठवड्यात घराबाहेर काय काय प्यायलात?’ असे विचारावे. पेयाच्या, जाहिरातीच्या वा बाजारपाहणीच्या धंद्यातले, गेल्या सहा महिन्यांत अशा चर्चेला बसलेले आणि एकमेकांचे परिचित हे तिन्ही प्रकार वगळावेत. आठ हवे असतील तर दहांना बोलवावे, कारण एकदोघे येत नाहीतच. कोकणात वाढलेले आणि कोकमाशी फारसा परिचय नसलेले यांना एकाच टेबलाशी बसवू नये. तसे केल्यास पहिले गुरुजी होतात आणि दुसरे विद्यार्थी.

पेले सारख्याच गारव्याचे असावेत व त्यांवर तीन आकडी खुणा असाव्यात, कारण ‘अ’ किंवा ‘१’ लिहिलेला पेला आपोआप श्रेष्ठ वाटतो. चाखण्याचा क्रम माणसागणिक बदलावा, मध्ये साधे पाणी द्यावे, आणि प्रत्येकाने आपले मत न बोलता लिहावे.

आता कोकणात वाढलेल्यांच्या गटात एक गृहस्थ सुरुवातीलाच उद्गारतात, “हे कोकम नव्हेच; आमच्या मालवणला असं सरबत कुणी पाहुण्यालासुद्धा देणार नाही!” आणि सगळे माना डोलावतात. चांगला मॉडरेटर येथे वाद घालीत नाही, त्यांची स्तुतीही करीत नाही. “तुमचं म्हणणं लिहून घेतलं. ताई, तुमच्या कागदावर काय आहे?” असे म्हणून तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वळतो. त्या बाईंनी लिहिलेले असते : ‘दुपारी ऑफिसात प्यायला बरे, जिरे थोडे कमी हवे.’ गृहस्थांना ते सरबत वाटले म्हणून नापसंत, बाईंना सोडा वाटला म्हणून पसंत; म्हणजे तंटा चवीचा नसून बाटलीवरील नावाचा आहे, हे त्या क्षणी उघड होते. गृहस्थ पुन्हा पुन्हा मध्ये पडू लागले तर मध्यंतरानंतर त्यांना मॉडरेटरच्या लगतच्या खुर्चीवर बसवतात. तेथून नजरेला नजर भिडत नाही, आणि बोलण्याची उबळ बरीच ओसरते. अबोल माणसाची जागा समोरची.

चर्चा संपल्यावर ध्वनिमुद्रणाशेजारी ते कागद ठेवून पाहावे. चार कागदांवर पसंती आणि तोंडी सात नापसंती निघाली तर गृहस्थांचे कोणते वाक्य ऐकून कोण फिरले याची नोंद अहवालात स्वतंत्र करावी, आणि पुढच्या गटात त्याच पेयाला ‘सरबत’ हा शब्द टाळून ‘सोडा’ म्हणून पुढे ठेवावे.