घाव मोजून घडवलेला शत्रू

२००६ साली आलेल्या ‘ऑब्लिव्हियन’ या रोल-प्लेइंग गेममध्ये नायकाची लेव्हल वाढली की अनेक शत्रूही बलवान होत. पुढेपुढे साधे गॉब्लिनसुद्धा मरता मरेनात, अशी तक्रार खेळाडू करू लागले. लढाई अवघड नव्हे, कंटाळवाणी झाली होती.

असं का होतं, ते आकड्यांत पाहू. समजा, नायकाचा घाव दर लेव्हलला १२ टक्क्यांनी वाढतो आणि शत्रूची हेल्थ १५ टक्क्यांनी. फरक किरकोळ वाटतो, पण तो चक्रवाढ आहे. पहिल्या लेव्हलला ४ घावांत पडणारा शत्रू एकविसाव्या लेव्हलला ७ घाव मागतो.

शत्रूचा माराही नायकाच्या हेल्थपेक्षा त्याच वेगाने पुढे धावला, तर खरी पंचाईत. लढाई १.७ पट लांबते, प्रत्येक फटकाही तितकाच जड पडतो; म्हणजे एका लढाईतलं नुकसान जवळपास तिप्पट!

म्हणून जाणता डिझायनर उलटीकडून सुरुवात करतो. शत्रू किती घावांत पडावा आणि नायक किती फटके सोसू शकावा, हे तो आधी ठरवतो. त्या लेव्हलच्या साधारण शस्त्राचा घाव १२० असेल आणि शत्रू ५ घावांत पडायला हवा असेल, तर हेल्थ ६००. मग चाचणीत प्रत्येक लढाईनंतर नायकाची किती हेल्थ उरली, हे नोंदवलं जातं. तो आकडा एखाद्या लेव्हलला अचानक कोसळला, की चढ तिथेच बिघडलेला असतो. बरेचदा दोष शत्रूचा नसतोच. नवी तलवार दुकानात उशिरा आलेली असते.