बांधावरून बांधावर: सोयाबीनचा नवा वाण गावात कसा पसरतो

सोयाबीनचा नवा वाण गावात येतो तेव्हा त्याची माहिती आणि त्याचे बियाणे बहुतेक वेळा एकाच वाटेने येते. सोयाबीन स्वपरागित पीक असल्याने शेतकऱ्याच्या घरचा दाणा पुढच्या वर्षी बियाणे म्हणून चालतो. संकरित कपाशीचे तसे नसते, तिथे दरवर्षी दुकानातूनच पाकीट आणावे लागते. म्हणून लातूर-नांदेड पट्ट्यात सोयाबीनच्या वाणाचा प्रसार म्हणजे वाण माहीत असलेला आणि माहीत नसलेला यांच्या भेटींचा हिशेब असतो. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा जेएस-335, परभणीच्या विद्यापीठाचा एमएयूएस-71, सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रज केंद्राचा केडीएस-726 म्हणजे ‘फुले संगम’ असे वाण मराठवाड्यात एकामागून एक आले. त्यांच्या प्रसारात दुकानदाराइतकाच, पुष्कळदा त्याहून अधिक, वाटा शेजारच्या रानाचा राहिला आहे.

भेट म्हणजे काय, हे आधी नीट पाहायला हवे. ऑक्टोबरमध्ये मळणी यंत्रापुढे रास पडते आणि बांधावरून विचारणा होते, ‘एकरी किती झालं?’ हाच प्रश्न मोंढ्यात, आडतीवर, पारावर आणि लग्नाच्या मांडवात विचारला जातो. उत्तर ऐकून विचारणाऱ्याला वाण पटला, तर तो तिथेच एक-दोन थैल्यांचे बियाणे सांगून ठेवतो. अशा दहा गंभीर चौकश्यांपैकी समजा एकच पेरणीपर्यंत पोहोचते. एक घर हंगामात अशा दहा घरांशी बोलत असेल, तर ते वर्षाला एक नवे घर तयार करते. अशा प्रसाराच्या गणिती प्रारूपात याला प्रसाराचा दर म्हणतात आणि तो k या अक्षराने दाखवतात. इथे k = 1.

हा दर ऐकणारे घर नवखे असेल तोपर्यंतच लागू पडतो. वाण घेण्याजोगी एकूण घरे M असतील आणि N घरांनी तो आधीच घेतला असेल, तर सहज भेटलेले घर नवखे असण्याचा संभव (M − N) / M इतका. म्हणून पुढच्या हंगामातली नवी घरे अशी:

k × N × (M − N) / M

एका बाजूला सांगणारे, दुसऱ्या बाजूला न ऐकलेले, आणि वाढ या दोघांच्या गुणाकारातून. सांगणारे थोडे असले तरी वाढ थोडी, आणि ऐकायला कोणी उरले नाही तरी वाढ थोडी.

निलंगा किंवा औसा तालुक्यातले चारशे शेतकरी कुटुंबांचे एक गाव उदाहरण म्हणून घेऊ. आकडे केवळ हिशेबासाठी मानलेले आहेत. शंभर घरांकडे ऊस आहे किंवा माळाची हलकी जमीन आहे, त्यांना हा वाण उपयोगाचा नाही. म्हणून M चारशे नाही, तीनशे. पहिल्या खरिपात सहा घरांनी वाण पेरला. वरचे सूत्र हंगामागून हंगाम चालवले तर घरांची संख्या 6, 12, 24, 46, 85, 146, 221, 279, 299 अशी जाते. पहिली तीन वर्षे गावात काही घडते आहे असे वाटतच नाही. सहावा हंगाम संपेपर्यंत जवळपास अर्धी पात्र घरे येतात आणि त्यानंतरच्या एका वर्षात सर्वाधिक, म्हणजे 75 घरांची भर पडते. पुढे ती भर 58 वर आणि मग 20 वर उतरते. वाणाचे आकर्षण कमी झाल्याने असे होत नाही. बोलणारे भरपूर असतात, पण ज्याच्याशी बोलावे त्याच्याही रानात तोच वाण उभा असतो.

याच वळणावर बियाण्याची मागणी ठरवणाऱ्याचा अंदाज फसतो. 39, 61, 75 ही चढती भर पाहून पुढच्या वर्षासाठी नव्वद घरांचे बियाणे भरले, तर प्रत्यक्ष नवे गिऱ्हाईक 58 निघते. गहू-ज्वारीच्या बियाण्यासारखे सोयाबीनचे उरलेले बियाणे ठेवून चालत नाही. त्याचे साल नाजूक असते, उगवणशक्ती लवकर घसरते आणि दुसऱ्या खरिपापर्यंत तो माल बियाण्याच्या कामाचा राहत नाही. आधीच्या टप्प्यात चूक उलट्या बाजूने होते: 6, 12, 24 पाहून वाण ‘चालला नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि तो यादीतून जातो.

गावाची मर्यादा 300 आहे हे आधी कोणालाच माहीत नसते. ती आकड्यांतूनच काढावी लागते. प्रत्येक हंगामातील नवी घरे भागिले आधीची घरे असा भागाकार करून तो आधीच्या घरांसमोर मांडायचा. आपल्या गावात तो साधारण 0.98, 0.96, 0.92, 0.85, 0.72, 0.51, 0.26, 0.07 असा उतरतो आणि कागदावर सरळ रेघ दिसते. रेघ डाव्या अक्षाला छेदते तिथे k, आणि आडव्या अक्षाला टेकते तिथे M. अडचण अशी, की पहिल्या तीन-चार बिंदूंत उतार इतका कमी असतो की दोन-चार घरांच्या मोजणीच्या फरकाने M दुप्पट किंवा निम्मा निघू शकतो. निम्मे अंतर कापल्याशिवाय मर्यादेचा अंदाज भरवशाचा होत नाही आणि नेमका तोपर्यंत त्याचा उपयोग बराचसा सरलेला असतो. या प्रारूपाची ही सर्वांत खरी मर्यादा आहे.

रेघ सरळ न येणे हीही माहितीच असते. सुरुवातीचे भागाकार अवाजवी मोठे आले, तर शेजाऱ्याखेरीज दुसरा कोणी बियाणे आणतो आहे असे समजावे: कृषी सहायकाचे प्रात्यक्षिक, कंपनीची गाडी, अनुदानाची थैली. अमेरिकेतील फ्रँक बास यांनी 1969 मध्ये मांडलेल्या प्रारूपात हा बाहेरचा वाटा वेगळा धरला आहे. नवखे घर दोन कारणांनी वळते, बाहेरच्या प्रचाराने आणि आतल्या शेजाऱ्याने. पहिला वाटा आधीच्या घरांच्या संख्येवर अवलंबून नसतो, दुसरा असतो. आयोवा राज्यातील संकरित मक्याबद्दल रायन आणि ग्रॉस यांनी 1943 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीतही दोन्ही मार्ग स्पष्ट दिसले. पहिली खबर बहुतेकांना विक्रेत्याकडून मिळाली, पण निर्णयावर अधिक वजन शेजाऱ्याचे पडले. म्हणून पाहणी करणाऱ्याने ‘कुठून कळलं?’ आणि ‘कोणाचं पाहून पेरलं?’ हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. शक्य तर तिसराही विचारावा: थैली कोणाच्या घरून आली?

सूत्रात एक मोठे गृहीत दडलेले आहे, ते म्हणजे कोणतेही घर कोणत्याही घराला सारख्याच सहजतेने भेटते. किनवट-माहूरकडच्या गावांत हे गृहीत टिकत नाही. मूळ गाव एकीकडे, तांडा दुसरीकडे, आदिवासी पाडा आणखी पलीकडे. बैठका वेगळ्या, सोयरिकी वेगळ्या, रोजची बोली वेगळी. भेट होते ती आठवडी बाजारात. अशा ठिकाणी एकच चढ दिसण्याऐवजी दोन पायऱ्या दिसतात. गावातली घरे भरत आली की वाढ मंदावते आणि भागाकाराची रेघ जणू मर्यादेला टेकायला येते. मग तांड्यावरच्या एखाद्या घरी बियाणे पोहोचते आणि तिथे सहा-बारा-चोवीस हा क्रम पहिल्यापासून सुरू होतो. पहिली पायरी पाहून प्रसार संपला असे ठरवणारा माणूस तांड्याला हिशेबातूनच गाळतो. वस्तीनुसार आकडे वेगळे मांडले तर ही चूक टळते.

बियाण्याची स्वतःचीही मर्यादा असते. एकरी 30 किलो बियाणे लागते, ते 70 टक्के उगवणीच्या हिशेबाने. एकरी आठ क्विंटल उतारा पडला तर एका एकराचे उत्पन्न पंचवीसेक एकरांच्या पेरणीला पुरते. म्हणजे बियाणे दुपटीपेक्षा कितीतरी वेगाने वाढू शकते आणि अडसर बहुधा माहितीचाच असतो. मळणीत दाणा फुटला किंवा काढणी पावसात सापडली, तर मात्र चित्र पालटते. म्हणूनच गोणपाटात शंभर दाणे ओलसर ठेवून सत्तर उगवतात का हे पेरणीपूर्वी पाहायला सांगितले जाते. उगवण कमी आली तर त्या प्रमाणात बियाणे वाढवतात. देणाऱ्या घराने ही चाचणी केली नाही, तर त्याने शेजाऱ्याला वाणाबरोबर निराशाही दिलेली असते.

निराशेची बातमी वेगळ्या घड्याळावर चालते. उतारा कळायला शंभर दिवस लागतात, न उगवलेले रान आठ-दहा दिवसांत दिसते. 2020 च्या खरिपात बियाणे उगवले नसल्याच्या तक्रारी मराठवाडाभर झाल्या, तेव्हा चांगल्या वाणाला गावभर जायला लागणाऱ्या वर्षांच्या जागी थोडे दिवस पुरले. गुणाकार तोच. फरक एवढाच, की ‘उगवलं नाही म्हणे’ हे सांगायला रास पडण्याची वाट पाहावी लागत नाही आणि ऐकणाऱ्याला ते पटायला दहा भेटी लागत नाहीत. एकाच भेटीत काम होते.

खरी खबर असो वा अफवा, तोंडी बातमीचा आणखी एक भेद आहे. पेरलेले रान बोलायचे थांबत नाही, ते सगळ्यांना दिसत राहते. सांगणारा माणूस मात्र थांबतो. 1964 मध्ये डेली आणि केंडल यांनी माणसांचे तीन गट केले: न ऐकलेले, सांगत फिरणारे, आणि ऐकून गप्प झालेले. सांगणारा जेव्हा आधीच ठाऊक असलेल्याला भेटतो आणि ‘हे जुनं झालं’ असे उत्तर मिळते, तेव्हा तो गप्प होतो. 21 सप्टेंबर 1995 रोजी गणपती दूध पितो ही बातमी सकाळपासून देशभर गेली आणि थोड्याच काळात ओसरली. सगळेच ऐकून बसले की नवल सांगण्यात कोणाला रस उरत नाही, असे वरवर वाटते. हिशेब मात्र सांगतो, की बातमी सगळ्यांपर्यंत पोहोचण्याआधीच थांबते. मोठ्या लोकसंख्येत, थोड्या लोकांपासून सुरू झालेली अफवा विझते तेव्हा सुमारे 20 टक्के माणसांनी ती ऐकलेलीच नसते, मग गाव तीनशे घरांचे असो की शहर तीन लाखांचे. तीनशे घरांत ती साठेक घरे होतात. वाणाच्या प्रारूपात वेळ पुरेसा दिला तर शेवटी एकही पात्र घर उरत नाही, अफवेच्या प्रारूपात उरते.

हे 20 टक्के प्रत्येक भेट दोघांमधली असेल असे धरून निघतात. मोबाइलवरच्या गटात एक माणूस एका क्षणी शेकडो लोकांना भेटतो आणि आपले ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक होते हे त्याला कळतही नाही. त्यामुळे गप्प होण्याची प्रक्रिया मंदावते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. प्रारूपाच्या भाषेत हा k कमी करण्याचा उपाय होता. निरोप खोटा आहे हे त्यातून कोणालाच कळत नाही, फक्त हंगामातल्या दहा भेटींसारखी एका माणसाच्या हातून होणाऱ्या भेटींची संख्या आखली जाते. ऐकलेले पटायला किती भेटी लागतात, हा दुसरा घटक त्या मर्यादेच्या बाहेर राहतो.