सौदे मोजके, नफा जास्तीत जास्त

एका शेअरचे सहा दिवसांचे भाव असे आहेत: 30, 65, 40, 80, 70, 78 रुपये. एका वेळी एकच शेअर हातात ठेवायचा, तो विकल्याशिवाय पुढची खरेदी करायची नाही आणि एक खरेदी व तिची विक्री मिळून एक सौदा धरायचा. जास्तीत जास्त दोन सौदे करायची मुभा असेल, तर सर्वाधिक नफा किती?

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न चांगलाच परिचयाचा आहे. लीटकोड या सरावाच्या संकेतस्थळावर तो 188 व्या क्रमांकावर आहे. दोनऐवजी तिथे k सौदे म्हटले आहे, म्हणजे कोणतीही ठरलेली संख्या.

पहिल्यांदा सुचतो तो मार्ग असा, की सगळ्यात मोठ्या नफ्याचा सौदा आधी पकडावा आणि उरलेल्या दिवसांत दुसरा शोधावा. आपल्या भावांत सर्वात मोठा सौदा 30 ला घेऊन 80 ला विकण्याचा, नफा 50. उरलेल्या दोन दिवसांत 70 ला घेऊन 78 ला विकता येते, म्हणजे आणखी 8. एकूण 58 झाले. आता तो मोठा सौदाच मोडून पाहू. 30 ला घेऊन 65 ला विकला तर 35, मग 40 ला घेऊन 80 ला विकला तर 40. एकूण 75! एका सौद्यासाठी जे उत्तर सर्वोत्तम होते, ते दोन सौद्यांच्या उत्तरात कुठेच नाही. हावरेपणाने पुढे जाणारी रीत इथे फसते ती यामुळेच.

खात्रीचा मार्ग म्हणजे डायनॅमिक प्रोग्रॅमिंग. अमेरिकन गणितज्ञ रिचर्ड बेलमन यांनी 1950 च्या दशकात रँड कॉर्पोरेशनमध्ये काम करताना ही पद्धत मांडली आणि तिला हे नावही दिले. मोठ्या प्रश्नाचे लहान प्रश्न करायचे, प्रत्येक लहान प्रश्न एकदाच सोडवायचा आणि त्याचे उत्तर लिहून ठेवायचे. इथे लहान प्रश्न असा: अमुक दिवसापर्यंत, जास्तीत जास्त तमुक सौद्यांत, सर्वाधिक नफा किती?

ही उत्तरे तक्त्यात भरायची. एका सौद्यासाठी एक ओळ, दोन सौद्यांसाठी तिच्याखाली दुसरी, आणि प्रत्येक दिवसाला एक रकाना. कोणताही रकाना भरताना दोनच शक्यता असतात. त्या दिवशी विक्री केली नाही, तर आदल्या दिवसाचा आकडा तसाच पुढे येतो. विक्री केली, तर तो शेअर आधी कधीतरी घेतलेला असणार. मग आजच्या भावातून त्या दिवसाचा भाव वजा करायचा आणि त्या दिवसापर्यंत एक सौदा कमी करून झालेला नफा मिळवायचा. दोन्हींतली मोठी रक्कम रकान्यात लिहायची.

अडचण त्या ‘कधीतरी’मध्ये आहे. खरेदी नेमकी कोणत्या दिवशी, हे ठरवायला मागचा प्रत्येक दिवस तपासावा लागतो. 1000 दिवस आणि 100 सौदे असतील, तर अशा तपासण्या जवळजवळ पाच कोटी होतात. तक्ता आहे एक लाख रकान्यांचा, आणि तो भरायला पाच कोटी फेऱ्या.

या फेऱ्या वाचवणारी युक्ती फार सुंदर आहे. विक्रीचा नफा म्हणजे आजचा भाव, वजा खरेदीचा भाव, अधिक आधीचा नफा. यातला आजचा भाव बाजूला काढला, की उरते ‘आधीचा नफा वजा खरेदीचा भाव’. शेअर घेतल्यानंतर खिशात राहिलेली ही शिल्लक. ती आजच्या भावावर मुळीच अवलंबून नाही. मग रोज मागे वळून पाहायचे कशाला? आतापर्यंतची सर्वात चांगली शिल्लक एका जागी टिपून ठेवावी आणि दिवस सरेल तशी ती फक्त सुधारत जावी. आतला अख्खा लूप गळून पडतो आणि काम पाच कोटींवरून सुमारे एक लाख पावलांवर येते.

आपल्या भावांवर हे करून पाहू. एका सौद्याची ओळ अशी भरते: 0, 35, 35, 50, 50, 50. आता दुसरी ओळ. पहिल्या दिवशी 30 ला शेअर घेतला, शिल्लक उणे 30. दुसऱ्या दिवशी विकला तर 65 वजा 30, म्हणजे 35. तिसऱ्या दिवशी खरी गंमत होते: पहिल्या सौद्याचे 35 हातात आहेत आणि शेअर 40 ला मिळतो आहे, म्हणून शिल्लक उणे 30 वरून उणे 5 वर येते. चौथ्या दिवशी 80 ला विकला, 80 वजा 5, म्हणजे 75. पुढच्या दोन दिवसांत विकून 65 आणि 73 च मिळतात, म्हणून 75 कायम राहतात.

पायथॉनमध्ये हे सगळे एवढ्यात मावते:

```python
def nafa(bhav, k):
    n = len(bhav)
    if n < 2:
        return 0
    juni = [0] * n
    for _ in range(k):
        navi = [0] * n
        shillak = -bhav[0]
        for d in range(1, n):
            navi[d] = max(navi[d-1], bhav[d] + shillak)
            shillak = max(shillak, juni[d] - bhav[d])
        juni = navi
    return juni[-1]
```

प्रत्येक ओळीला फक्त तिच्या वरची ओळ लागते, म्हणून पूर्ण तक्ता न ठेवता `juni` आणि `navi` या दोनच ओळी ठेवल्या आहेत. जागा आणखी वाचवायला म्हणून कोणी एकाच ओळीवर लिहायला गेले, की घात होतो. जुना आकडा वापरण्याआधीच पुसला जातो, नव्या नफ्यातूनच पुन्हा खरेदी होते आणि सौद्यांची मर्यादा गुपचूप नाहीशी होते. ही चूक पकडायला k ला 1 देऊन पाहावे. आपल्या भावांना उत्तर 50 यायला हवे; 83 आले तर समजावे की प्रोग्रॅम एकाच्या नावाखाली तीन सौदे करतो आहे.

83 हा आकडा आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्याजोगा आहे. भाव तीन वेळा चढला: 35, 40 आणि 8 रुपयांनी. तीन सौद्यांची मुभा मिळाली की तिन्ही चढ पदरात पडतात आणि त्यापुढे चौथ्या सौद्याचा उपयोग उरत नाही. एका सौद्याला निदान दोन दिवस लागतात, त्यामुळे k दिवसांच्या निम्म्याइतका किंवा जास्त असेल, तर तक्त्याची गरजच नाही. सगळे चढ बेरजेला घ्यावेत, झाले.

प्रत्यक्ष बाजारात मात्र प्रत्येक सौद्याला दलाली आणि कर लागतो. सौद्यामागे 10 रुपये खर्च धरला, तर 8 रुपयांचा तिसरा सौदा 2 रुपयांनी तोट्यात जातो आणि दोन सौदे करून 55 वर थांबणेच किफायतीचे ठरते. प्रोग्रॅममध्ये बदल एका जागचा: विक्रीच्या रकमेतून तो खर्च वजा करायचा.

ही रीत उद्याचा भाव सांगत नाही. सगळे भाव आधी हातात असले तरच ती चालते. तिचा उपयोग कमाल मर्यादा म्हणून होतो. एका वेळी एक शेअर, आधी खरेदी मग विक्री, या नियमांनी चालणारी कोणतीही ट्रेडिंग पद्धत जुन्या भावांवर तपासली, तर तितक्याच सौद्यांत तिचा नफा या आकड्यापुढे जाऊच शकत नाही. गेला, तर त्या तपासणीत चूक आहे.